प्राध्यापकांच्या प्रकल्पात संशोधन सहाय्यक: 'डेटा नीट हाताळते' हे अर्जात दाखवायचं कसं?

नवी_पालवी
नमस्कार मंडळी. एका प्राध्यापकांच्या प्रकल्पावर संशोधन सहाय्यक हवाय अशी जाहिरात आलीय आणि मला ते काम मनापासून करायचंय. घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणाचा डेटा आहे, दोन फेऱ्या झाल्यात, तिसरी व्हायचीय. बायोडेटा, एक पानी पत्र आणि 'कामाचा नमुना' मागितलाय. जाहिरातीत दोनच गोष्टींवर जोर आहे, डेटा काळजीपूर्वक हाताळता यायला हवा आणि माणूस भरवशाचा हवा.

मी बायोडेटात लिहिलंय "एक्सेल, स्टाटा, आर, पायथन – उत्तम. मेहनती, बारकाईने काम करणारी, वेळ पाळणारी." भाऊ वाचून म्हणाला की हे तर लग्नाच्या स्थळासारखं वाटतंय, सगळेच असं लिहितात. आता त्याचं म्हणणं पटतंय पण दुसरं काय लिहायचं ते सुचत नाहीये. आधी एका संस्थेत आठ महिने असंच काम केलंय. पत्रात त्याबद्दल एक वाक्य टाकलंय: "सुमारे १२०० कुटुंबांच्या सर्वेक्षणाचा डेटा स्वच्छ करून दोन फेऱ्यांचे एकत्रीकरण यशस्वीपणे केले." एवढं पुरेल का? आणि भरवशाची आहे हे कुणी कागदावर कसं दाखवतं?

टवाळखोर
भावाला संशोधन सहाय्यक करा, निरीक्षण चांगलंय.

मनमोर
मीपण सध्या पीएचडीसाठी गाइड शोधतेय, तीन जणांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. विषय आधी ठरवावा की गाइड आधी?

एकटा_जीव
@मनमोर, धागा वेगळा आहे हो.
@नवी_पालवी, चार सॉफ्टवेअरं उत्तम येतात असं लिहू नका, मुलाखतीत पायथनवर एक प्रश्न आला की पितळ उघडं. जे रोज वापरता तेच एक लिहा. गिटहबची लिंक द्या म्हणजे झालं, तेवढाच पुरावा लागतो.

जुनं_खोड
मी बरीच वर्षं अशा प्रकल्पांवर काम केलंय आणि अर्जांची पहिली चाळणी माझ्याकडेच असायची, म्हणून लिहिते. गिटहबची लिंक शंभरातल्या फार थोड्यांची उघडली जाते. उघडली तरी पहिली फाईल दोन मिनिटं बघतो, त्यात काही हाती लागलं नाही की बंद. त्यामुळे लिंक जरूर द्या पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका.

तुमच्या वाक्यातला "यशस्वीपणे" हा शब्द मला काहीच सांगत नाही. दोन फाईली जोडल्या तर वाचणाऱ्याला चार आकडे हवे असतात. पहिल्या फेरीत किती ओळी होत्या, दुसरीत किती, जोडल्यावर किती जुळल्या, किती जुळल्या नाहीत. आणि न जुळलेल्या का जुळल्या नाहीत हे एका वाक्यात. ज्याने खरंच हाताने काम केलंय त्याला हे आकडे आठवतात किंवा निदान कुठे सापडतील ते माहीत असतं. तुमचे काय होते?

नवी_पालवी
@जुनं_खोड, धन्यवाद काका! लॉग फाईल उघडून बघितली. पहिल्या फेरीत १२००, दुसऱ्या फेरीत ११४६. जोडल्यावर एकूण १२०० ओळी. त्यातल्या ११६४ जुळलेल्या, ३६ फक्त पहिल्या फेरीतल्या, आणि फक्त दुसऱ्या फेरीतली एकही नाही. म्हणजे ३६ कुटुंबं दुसऱ्या वेळी भेटली नाहीत. हे असंच लिहू का?

जुनं_खोड
काका नाही, काकू. असो, सवय आहे.

लिहू नका. आधी हे सांगा, दुसऱ्या फाईलमध्ये ११४६च कुटुंबं असताना तिच्याशी ११६४ कुटुंबं जुळली कशी?

टवाळखोर
आता मजा येणार. मांडी ठोकून बसलोय.

नवी_पालवी
काकू सॉरी. आणि अरे देवा. हे मी कधी बघितलंच नव्हतं. एकूण बरोबर १२०० आले होते ना, म्हणून सगळं ठीक आहे असं समजले. १२०० वजा ११४६ म्हणजे ५४ जण गळायला हवेत आणि माझ्याकडे ३६च आहेत. १८ कुठे गेले?

आरपार
जोडायची आज्ञा टाका इथे. मला वास येतोय.

नवी_पालवी
ही घ्या. दोन्ही फाईलींत कुटुंबाचा क्रमांक मीच बनवला होता, विभाग, गाव आणि घर असे तीन रकाने जोडून.

```
gen hhid = dist*1000000 + vill*1000 + hh
merge m:m hhid using endline
```

आधी `merge 1:1` केलं होतं पण ते `variable hhid does not uniquely identify observations in the master data` म्हणून थांबायचं. तिथल्या एका सीनियरने सांगितलं `m:m` कर, चालतं. आणि चाललं.

एकटा_जीव
सोप्पंय. क्रमांक डुप्लिकेट आहेत. एंट्री करणाऱ्याने एकच फॉर्म दोनदा भरला असणार, नेहमीचंच आहे. आधी `duplicates drop hhid, force` मारा मग `1:1` चालेल. मी कायम हेच करतो.

जुनं_खोड
@एकटा_जीव, डुप्लिकेट आहेत हे तुमचं बरोबर. पण ते कुठून आले हे न बघता `force` मारायचं म्हणजे धूर दिसला म्हणून घंटा बंद करण्यातला प्रकार झाला. त्या आज्ञेत `force` हा शब्द मुद्दाम लिहायला लागतो तो याचसाठी, कारण बाकीच्या रकान्यांत वेगळी माहिती असली तरी ती ओळ उडते.

@नवी_पालवी, `m:m` काय करतं ते आधी बघा. एकाच क्रमांकाच्या ओळी दोन्हीकडून घेतं आणि ज्या क्रमाने पडल्यात त्या क्रमाने पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी अशा जोड्या लावतं. एका बाजूला कमी ओळी असतील तर शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वापरतं. म्हणजे गावात नसलेल्या कुटुंबाला शेजाऱ्याची उत्तरं चिकटतात आणि वर 'जुळलं' असा शिक्का मिळतो. तुमचे हरवलेले १८ तिथे आहेत. स्टाटाच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येही `m:m` वापरू नका असंच लिहिलंय.

आता डुप्लिकेट का झाले हा खरा प्रश्न. विभागांचे क्रमांक काय होते? आणि मूळ फॉर्मवर विभाग, गाव, घर या तिन्हींत काही पुन्हा आलंय का, की फक्त तुम्ही बनवलेल्या `hhid` मध्येच आलंय?

नवी_पालवी
दोनच विभाग होते, १२ आणि २७. प्रत्येकात २० गावं, प्रत्येक गावात ३० घरं. गावांचे क्रमांक तीन आकडी. लॉगमध्ये `duplicates report` सापडला, तेव्हा केला होता पण वाचला नव्हता बहुतेक. ७८० ओळी एकेकट्या, आणि ४२० ओळींच्या पुढे ३ प्रती. दोन प्रती असं कुठेच नाही.

आरपार
सगळे डुप्लिकेट तिघातिघांचे?? एंट्रीवाला माणूस असं करूच शकत नाही, माणूस चुकला तर कधी दोन कधी चार करेल. हे मशीनचं काम आहे. `gen` नुसतं लिहिलं की स्टाटा तो रकाना फ्लोट प्रकारात ठेवतं. फ्लोट १,६७,७७,२१६ पर्यंतचेच सगळे पूर्णांक नीट ठेवू शकतं. तुमचा २७ चा विभाग म्हणजे २,७०,००,००० च्या पुढे. झालं. आर वापरलं असतं तर हे झालंच नसतं, तिथे आकडे मुळातच डबल असतात. म्हणून सांगतो सगळ्यांनी आर शिका, फुकटही आहे.

एकटा_जीव
झालं सुरू याचं आरपुराण.

जुनं_खोड
पुराण बाजूला ठेवा, पण निदान अचूक आहे. मी कागदावर करून बघितलं. त्या मर्यादेच्या वर दुपटीपर्यंत फ्लोटला फक्त सम संख्या ठेवता येतात. विषम आली की ती शेजारच्या दोन सम संख्यांपैकी चारने भाग जाणाऱ्या संख्येकडे सरकते. आता विभाग २७, गाव १४३ घ्या. घर ३, ४ आणि ५ यांचे क्रमांक २७१४३००३, २७१४३००४, २७१४३००५. तिन्ही २७१४३००४ होतात. घर ६ एकटं राहतं. ७, ८, ९ पुन्हा एक. असं करत ३० घरांच्या गावात १६च क्रमांक उरतात, त्यात सात तिघांचे गट आणि नऊ एकेकटे. सात त्रिक एकवीस आणि नऊ, तीस. वीस गावं म्हणजे तिघांच्या गटांत ४२०. विभाग १२ मर्यादेच्या आत आहे, तिथे सहाशेच्या सहाशे शाबूत, अधिक इकडचे १८०, झाले ७८०. तुमच्या लॉगशी तंतोतंत.

आणि @एकटा_जीव, तुमच्या `force` ने १२०० ची ९२० झाली असती. २८० खरी कुटुंबं, आणि सगळी एकाच विभागातली. त्यानंतर `1:1` अगदी विनातक्रार चाललं असतं, हीच तर भीती आहे.

एकटा_जीव
हम्म. मागच्या दोन प्रकल्पांच्या फाईली उघडतो जरा.

टवाळखोर
एक मिनिट शांतता पाळूया. दिवे घ्या हो एकटा जीव.

नवी_पालवी
हात थरथरतायत पण करून बघितलं. खरा डेटा न वापरता एक खोटं गाव बनवलं:

```
clear
set obs 30
gen hh = _n
gen hhid = 27*1000000 + 143*1000 + hh
duplicates report hhid
gen long hhid2 = 27*1000000 + 143*1000 + hh
isid hhid2
```

पहिल्यात ९ एकेकटे आणि २१ तिघांचे. दुसऱ्यात, नुसता `long` शब्द घातल्यावर, `isid` काही न बोलता पुढे गेलं. म्हणजे माझ्या आठ महिन्यांच्या कामात एक शब्द कमी होता. आठवतंय की स्क्रीनवर तो क्रमांक `2.71e+07` असा दिसायचा आणि मी तो दिसायला बरा व्हावा म्हणून फक्त फॉरमॅट बदलला होता. 😭

आता सांगा, हे सगळं अर्जात कसं लिहिणार? उलट हे काम बायोडेटातून काढूनच टाकू का?

शेवटचा_बाक
अजिबात काढू नका. उलट कामाचा नमुना म्हणून हीच सात ओळींची फाईल द्या, वर चार आकडे लिहून.

माझा अनुभव सांगतो नमुन्याबद्दल. मी एकदा अशाच अर्जासोबत माझी सगळ्यात भारी फाईल पाठवली होती, स्वच्छ केलेला डेटा, रकान्यांना नीट नावं, सगळं झकास. दोन दिवसांनी उत्तर आलं, एकच ओळ: "या फाईलमध्ये लोकांचे फोन नंबर आहेत, हे पाठवायला तुम्हाला परवानगी होती का?" संपलं. मुलाखतसुद्धा नाही. तेव्हा राग आला होता, मला वाटलं काम बघा ना, नंबर काय बघता. आता मी स्वतः डेटा सांभाळतो आणि मीही तेच केलं असतं. जो आधीच्या मालकाचा डेटा मला पाठवतो तो उद्या माझा दुसऱ्याला पाठवणार.

कुलूपकिल्ली
+१. आणि धागाकर्तीला थेट प्रश्न, लॉग फाईल तुमच्याकडे आहे ते समजलं, पण डेटापण आहे का अजून? नोकरी सोडून किती दिवस झाले?

नवी_पालवी
@कुलूपकिल्ली, चार महिने. लॅपटॉपवर आहे एक फोल्डर. 🙈 कुणी परत मागितलंच नाही म्हणून तसाच राहिला. उघडला नाहीये मी.

कुलूपकिल्ली
उघडला नाही हे उत्तर नाही. जुन्या साहेबांना मेल करा, माझ्याकडे प्रत राहिली आहे, पुसू का असं विचारा, हो आलं की पुसा आणि पुसल्याचा मेल करा. बॅकअपमध्ये आपोआप गेली असेल तर तिथूनही. कोड फाईलसुद्धा त्यांना विचारूनच बाहेर दाखवा. कोडमध्ये गावांची नावं, लोकांची नावं दुरुस्त केलेल्या ओळी असतात, `replace name = ` वगैरे, हे लोक विसरतात.

मनमोर
बापरे, मला वाटलं होतं संशोधन म्हणजे वाचन आणि लेखन. 😅

जुनं_खोड
@कुलूपकिल्लींना पूर्ण अनुमोदन. त्याच मेलमध्ये दुसरी गोष्टही सांगावी लागेल, की जोडणी चुकलेली आहे.

टवाळखोर
काय काकू, सोडून आलेल्या नोकरीत आपणहून जाऊन सांगायचं की मी चुकले? आणि त्याच साहेबांकडून शिफारस हवीय तिला! गप्प बसावं माणसाने.

एकटा_जीव
पहिल्यांदाच टवाळखोरशी सहमत. अहवाल निघाला, पैसे मिळाले, संपला विषय. आणि नव्या अर्जात स्वतःची चूक लिहिणं तर सरळसरळ आत्मघात आहे. बाकीचे अर्जदार 'निर्दोष काम' लिहिणार आणि ही लिहिणार मी १८ कुटुंबं हरवली. कुणाला बोलावतील?

आरपार
इथे एक आठवण. ग्रोथ आणि कर्ज यावरचा राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा २०१० चा प्रसिद्ध पेपर. पुढे थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या गृहपाठासाठी त्याची आकडेमोड पुन्हा करायला घेतली, जुळेना, मूळ एक्सेल फाईल मागवली, तर सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देशांच्या ओळी घेतल्याच नव्हत्या. ती एकच चूक नव्हती, मांडणीबद्दलचेही आक्षेप होते, पण लोकांच्या लक्षात एक्सेलच राहिलं. सांगायचा मुद्दा, फाईल मागणारा कधीतरी येतोच.

जुनं_खोड
@एकटा_जीव, प्रश्न रास्त आहे, आणि सगळे प्राध्यापक सारखे नसतात हेही मान्य. चूक वाचून अर्ज बाजूला ठेवणारे मी पाहिलेत. पण चाळणी करताना माझ्या मनात काय चालायचं ते सांगते. नवा सहाय्यक चुकणार हे मी धरूनच चालायचे, मीही चुकते. मला भीती वाटायची ती न सांगितलेल्या चुकीची. जोडणीतली चूक पहिल्या आठवड्यात कळली तर एक दुपार जाते. तीच शोधनिबंध परीक्षकांकडे गेल्यावर कळली तर प्रत्येक तक्ता पुन्हा. म्हणून 'भरवशाची' हा शब्द मी "चुकत नाही" असा कधी वाचलाच नाही. चुकल्यावर मला किती दिवसांनी कळतं, असा वाचायचे.

तेव्हा पत्रात रडगाणं नको, माफी नको. काय झालं, कशावरून कळलं, काय बदललं, आता कोणती तपासणी कायमची लावते. चार वाक्यं. पालवी, तुम्ही लिहा, आम्ही कात्री लावतो.

नवी_पालवी
रात्रभर लिहून खोडून हे राहिलंय:

"१२०० आणि ११४६ कुटुंबांच्या दोन फेऱ्या जोडताना माझ्या फाईलमध्ये ११६४ कुटुंबे जुळलेली दिसत होती, जे शक्य नव्हते. कुटुंब क्रमांक फ्लोट प्रकारात साठवल्याने एका विभागातील क्रमांक एकमेकांत मिसळले होते आणि `m:m` जोडणीने ते झाकले गेले. आता मी क्रमांक `long` किंवा अक्षरी स्वरूपात ठेवते, जोडणीआधी `isid` चालवते, आणि जुळलेल्या ओळी लहान फाईलपेक्षा जास्त नाहीत हे `assert` ने तपासते. सोबतच्या सात ओळींच्या फाईलमध्ये हा दोष काल्पनिक गावावर करून दाखवला आहे."

सॉफ्टवेअरच्या यादीत आता फक्त स्टाटा आणि एक्सेल ठेवलंय. "मेहनती, बारकाईने" वगैरे सगळं काढलं.

शेवटचा_बाक
झकास. पण कळलं कसं हे गाळलंय तुम्ही. वाचणाऱ्याला वाटेल तुम्हीच पकडलं. मुलाखतीत विचारलं तर?

टवाळखोर
लिहा की, "एका खोडाने सांगितलं".

जुनं_खोड
खोडाला श्रेय नको, पण बाक बरोबर बोलतोय. "एका अनुभवी व्यक्तीने आकड्यांतली विसंगती दाखवल्यावर मी कारण शोधले" एवढं घाला. वजन कमी होत नाही त्याने.

आणि शेवटी एक कोरडी ओळ, तुम्ही कधीपासून कधीपर्यंत आहात, आठवड्याला किती तास, आणि मध्ये परीक्षा किंवा दुसरं काही असेल तर त्या तारखा. तिसरी फेरी व्हायचीय ना, फेरी चालू असताना माणूस गेला तर प्राध्यापकांचा सगळा खेळ विस्कटतो. हे अर्जात फार कमी जण लिहितात.

नवी_पालवी
(नऊ दिवसांनी)
मंडळी, आले परत. जुन्या साहेबांना मेल केला होता, फोल्डरबद्दलही आणि जोडणीबद्दलही. पहिले तीन दिवस उत्तर नाही, मी जवळजवळ आजारी पडले. मग फोन आला. आधी बरंच बोलणं खाल्लं, फोल्डरवरून जास्त, चुकीवरून कमी. फोल्डर पुसला, कळवलं. त्यांनी जोडणी पुन्हा केली, गळालेली कुटुंबं ५४ आली. अहवालातल्या बाकीच्या निष्कर्षांचं काय झालं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारू शकत नाही. शिफारसीचं विचारलं तर म्हणाले बघू. म्हणजे टवाळखोर अगदीच चूक नव्हते.

प्राध्यापकांकडून चाचणी आलीय. चारशे ओळींची फाईल, चुका शोधून स्वच्छ करायची आणि एक पानी टिपण. दोन शंका आहेत. एक, एकच कुटुंब क्रमांक दोनदा आलाय, प्रमुखाचं वय एकात ३४ आणि एकात ४३, बाकी सगळं सारखं. मी ठरवायचं की त्यांना विचारायचं? दुसरी, चार तासांचं काम आहे असं लिहिलंय आणि मला साडेसहा लागले. शेवटी 'लागलेले तास' असा रकाना आहे.

आरपार
आकडे उलटे पडलेत, उघड आहे. पहिली एंट्री ठेवा, दुसरी उडवा.

जुनं_खोड
उघड आहे ते फक्त एवढंच की दोनातलं एक चूक आहे. कुठलं, ते फॉर्म बघितल्याशिवाय कसं कळणार? फाईलमध्ये दोन्ही ओळी ठेवा, शेजारी एक खुणेचा रकाना करा, टिपणात क्रमांक देऊन लिहा की मूळ फॉर्म तपासावा लागेल, आणि तोवर माझ्या तक्त्यांत ही कुटुंबं अशी धरली आहेत. एका ओळीसाठी मेल नको. असे बरेच प्रश्न साठले तर सगळे मिळून एकच मेल.

तासांच्या रकान्यात साडेसहा.

एकटा_जीव
चार लिहा हो. सगळे चारच लिहितात. तुम्हीच मंद दिसाल.

जुनं_खोड
हो, सगळे चार लिहितात. मग त्या चारवरून तिसऱ्या फेरीचं वेळापत्रक आणि मानधन ठरतं, आणि महिनाभर रात्री जागतं कोण, तर हीच.

एकटा_जीव
ते पण आहे म्हणा. बाय द वे, जुन्या दोन फाईली बघितल्या. एकीत ठीक आहे. दुसरीबद्दल नंतर बोलू.

टवाळखोर
दुसरीसाठी वेगळा धागा काढा, मी पहिला येईन.

नवी_पालवी
साडेसहा लिहिले, त्यातला दीड तास वयांच्या भानगडीत गेला असंही लिहिलं. पाठवलंय आत्ताच.

मनमोर
शुभेच्छा! आणि गाइडचं कुणी सांगेल का प्लीज?